अठ्ठेचाळीस किलो चिल्लर: भांडुपच्या एका झेरॉक्स दुकानाचं प्रकरण

भांडुप पश्चिमेला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक झेरॉक्सचं दुकान आहे. दोन मशीन, एक लॅमिनेशनचं यंत्र, स्पायरल बाइंडिंग, पासपोर्ट फोटो, थोडी स्टेशनरी. मालक तिशीतला, आमच्याच सोसायटीत राहतो. मी सरकारी बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालो हे त्याला माहीत आहे, म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आलं. त्याच्या माळ्यावर साखरेच्या जुन्या गोण्यांत नाणी साठली होती आणि त्याच्या खात्याच्या शाखेने ती घ्यायला नकार दिला होता.

नाणी साठली कशी, हे आधी पाहायला हवं, कारण पुढचा उपाय त्यातूनच निघाला. एका झेरॉक्सचे दोन रुपये. शाळेतलं पोर दोन-चार पानं काढतं आणि नाणं टेकवतं. यूपीआय आल्यापासून मोठी बिलं फोनवरून येतात, पण दोन रुपयांसाठी स्कॅन करायला आजही बरेच लोक कंटाळतात. म्हणजे आवक नाण्यांत. जावक मात्र पूर्ण फोनवरून: कागदाचा घाऊक व्यापारी, टोनरवाला, वीजबिल, भाडं, कुणालाच नाणी नकोत. किराणावाल्याकडे रोज सुट्टे पैसे परत जात राहतात, त्याचा गल्ला आपोआप हलका होतो. झेरॉक्सवाल्याला गिऱ्हाइकाला परत द्यायचं फारसं काही नसतंच. कारण गिऱ्हाईकच सुट्टे आणतं.

सगळं मिळून वजन जवळपास अठ्ठेचाळीस किलो भरलं. नंतर मोजल्यावर हिशेब असा निघाला: एक रुपयाची ४,३०० नाणी, दोनची ३,६५०, पाचची १,४८०, दहाची ६२० आणि पन्नास पैशांची ३४. रक्कम २५,२१७ रुपये. शिवाय मूठभर चार आणे, दोन परदेशी नाणी आणि कुठल्याशा खेळाच्या मशीनचं एक टोकन.

शाखेत पहिल्या खेपेला काय झालं

तो महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, सोमवारी, साडेअकराच्या सुमारास दोन गोण्या रिक्षात घालून शाखेत गेला. पेन्शनची गर्दी, दोनपैकी एकच कॅश काउंटर चालू. नाणी सगळी एकत्र, न मोजलेली. भरणा स्लिपवर रक्कम कोरी ठेवलेली, कारण त्यालाच ती माहीत नव्हती.

कॅशियर मॅडम म्हणाल्या, "एवढी चिल्लर मोजणार कोण?" त्याने व्हॉट्सअॅपवर आलेला मजकूर दाखवला: नाणी नाकारणं गुन्हा आहे वगैरे. मॅनेजर बाहेर आले आणि म्हणाले, "रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, दिवसाला हजार रुपयांच्या वरती चिल्लर घेता येत नाही." मग मागून कुणीतरी सुचवलं की शेकडा पाच रुपये चार्ज देत असाल तर बघू. तो चिडून गोण्या परत घेऊन आला.

इथे प्रत्येक जण थोडा बरोबर आणि बराच चूक होता. त्या हजार रुपयांच्या नियमाचीच गंमत आधी सांगतो, कारण मुंबईतल्या निम्म्या शाखांत तो याच रूपात फिरतो.

हजार रुपयांची मर्यादा नेमकी कशाची

२०११ च्या नाणेविषयक कायद्याचं कलम ६ सांगतं की एक रुपया व त्यावरची नाणी एका देण्यापोटी एक हजार रुपयांपर्यंत वैध चलन आहेत आणि पन्नास पैशांचं नाणं दहा रुपयांपर्यंत. म्हणजे मी तुम्हाला वीस हजार देणं लागतो आणि वीस हजारांची नाणी तुमच्या दारात ओतली, तर हजाराच्या पुढची नाणी नाकारायचा हक्क तुम्हाला आहे. ही मर्यादा देणेकरी आणि घेणेकरी यांच्यामधली आहे. कलमात "दिवसाला" असा शब्द नाही आणि बँकेत पैसे भरण्याचा उल्लेखही नाही.

बँकेत भरणा करण्याबद्दल रिझर्व्ह बँकेने स्वतःच्या प्रश्नोत्तरांत वेगळं सांगितलं आहे: ग्राहकाने किती नाणी जमा करावीत याला मर्यादा ठरवलेली नाही, बँका कितीही नाणी घ्यायला मोकळ्या आहेत. त्यात भर म्हणून १५ फेब्रुवारी २०१८ च्या परिपत्रकात सगळ्या बँकांना बजावलं की काउंटरवर आलेली सर्व मूल्यांची नाणी, बदलून देण्यासाठी असोत वा खात्यात भरण्यासाठी, प्रत्येक शाखेने स्वीकारावीत.

"मोकळ्या आहेत" आणि "स्वीकारावीत" या दोन्ही गोष्टी एकत्र वाचायला हव्यात. नाणी आहेत म्हणून नाकारणं शाखेला जमत नाही. पण कुठल्याही दिवशी, कुठल्याही वेळी, कुठल्याही अवस्थेत आणलेली कितीही नाणी त्याच क्षणी मोजून द्या, असंही कुठे लिहिलेलं नाही. जुन्या २००६ च्या बँकिंग लोकपाल योजनेत तक्रारीचं कारण म्हणून "पुरेशा कारणाशिवाय नाणी न स्वीकारणे आणि त्यासाठी कमिशन आकारणे" हे स्पष्ट नोंदलेलं होतं. माझ्या मते सगळं भांडण त्या "पुरेशा कारणाशिवाय" मध्ये आहे. पेन्शनच्या दिवशी, एकच काउंटर चालू असताना, मिसळलेली आणि न मोजलेली दोन गोण्या नाणी त्या दिवसापुरती परत पाठवायला पुरेसं कारण आहे. तीच नाणी वेगळी करून, शंभराच्या पाकिटांत, दुपारी गर्दी नसताना आणली, तर नकार द्यायला कारण उरत नाही.

म्हणून मी त्याला म्हटलं, "तू भांडायला जाऊ नकोस, पाकिटं करायला बस."

"काका, पण नियम आपल्या बाजूने आहे ना?"

"आहे. पण त्या मॅडमच्या जागी बसून बघ."

काउंटरच्या पलीकडचं गणित

गिऱ्हाइकाला वाटतं कॅशियर आळशी आहे. असतातही काही, नाही म्हणत नाही. पण नाण्यांबाबत भीती वेगळी असते. संध्याकाळी कॅश टॅली करावी लागते, पैसा न् पैसा. कमी भरली तर ती कॅशियरच्या खिशातून जाते, बँक देत नाही. नोटांना मोजायचं मशीन आहे, बनावट ओळखायला दिवा आहे. बहुतेक शाखांत नाणी मोजायचं मशीन नसतं. पैसे भरायचं स्वयंचलित मशीन तर नाणी घेतच नाही. शंभर सुटी नाणी नीट मोजायला एक-दीड मिनिट धरा. त्याच्याकडची नाणी दहा हजारांवर होती. नुसतं मोजायला अडीच तास, आणि मिसळलेली असतील तर निवडायचा वेळ त्याहून जास्त. तेवढा वेळ बाकीची रांग थांबणार.

दुसरी अडचण शाखेच्या तिजोरीची. शाखेने किती रोकड ठेवायची याला मर्यादा असते, जास्तीची रोकड करन्सी चेस्टला, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या वतीने नोटा-नाणी साठवणाऱ्या मोठ्या तिजोरीला, पाठवायची. नोटांचं बंडल चेस्ट लगेच घेते. नाण्यांची पोती मात्र चेस्टलाही नकोशी असतात, कारण ही सगळी साखळी एका दिशेने वाहण्यासाठी बांधलेली आहे: टांकसाळीत नाणी पडतात, रिझर्व्ह बँकेकडे येतात, चेस्टमधून शाखांत, शाखेतून लोकांकडे. उलटा प्रवास जवळजवळ नाहीच. नोटाबंदीनंतर नाण्यांचा पूर आला होता आणि जानेवारी २०१८ मध्ये साठवायला जागा नाही म्हणून टांकसाळींना काही दिवस काम थांबवावं लागलं होतं. फोर्टमध्ये रिझर्व्ह बँक आणि मुंबईची टांकसाळ शेजारी शेजारी आहेत, पण भांडुपच्या शाखेतल्या पोत्याला तिथवर परतायची वाट सापडत नाही. ते पोतं शाखेच्या तिजोरीतच पडून राहतं आणि दर तपासणीला कुणालातरी मोजावं लागतं.

बेस्टचंच बघा. जुलै २०१९ मध्ये किमान भाडं पाच रुपये झाल्यावर आगारांत नाण्यांचा ढीग लागला. पुढे बँक ती उचलेना, तेव्हा काही काळ कर्मचाऱ्यांच्या पगाराचा थोडा भाग नाण्यांत दिला गेला. एवढ्या मोठ्या उपक्रमाची ही गत, तर झेरॉक्सवाल्याचं काय घेऊन बसलात.

वजन करून घ्यावीत, हे ठीक. पण कशाचं वजन?

रिझर्व्ह बँकेच्या सूचनेत दोन मार्ग दिले आहेत. विशेषतः एक आणि दोन रुपयांची नाणी वजनावर घेणं बरं, आणि शंभर-शंभर नाण्यांची पॉलिथिनची पाकिटं कॅशियर व ग्राहक दोघांनाही सोयीची. अशी पाकिटं शाखेने काउंटरवर ग्राहकांसाठी ठेवावीत, असंही त्यात आहे. ठेवलेली मी फार कमी ठिकाणी पाहिली. आम्ही भांडुपच्या बाजारातून झिपची पारदर्शक पाकिटं आणली.

वजनाचा मार्ग ऐकायला सोपा वाटतो, पण आपल्याकडे एकाच किमतीचं नाणं वेगवेगळ्या वजनात चलनात आहे, आणि सगळी मालिका वैध आहे. एक रुपयाचं जुनं स्टीलचं नाणं, १९९२ नंतरचं, ४.८५ ग्रॅमचं आणि २५ मिलिमीटर व्यासाचं. २०११ च्या मालिकेतला रुपया लहान झाला, ३.७९ ग्रॅम. २०१९ च्या मालिकेतला आणखी लहान, ३.०९ ग्रॅम. म्हणजे शंभर रुपयांचं पाकीट ४८५, ३७९ किंवा ३०९ ग्रॅम भरू शकतं, आणि मिसळलेलं असेल तर यांच्यामधलं काहीही. पाचचं तर विचारू नका: जुनं जाड तांबे-निकेलचं नाणं नऊ ग्रॅमचं, पिवळसर नाणं सहा ग्रॅमचं, २०१९ चं ६.७४ ग्रॅमचं.

खरी गोची मात्र पुढे आहे. २०११ च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं ४.८५ ग्रॅमचं आणि २५ मिलिमीटरचं आहे. म्हणजे जुन्या एक रुपयाइतकंच जड, तेवढंच रुंद, आणि दोन्ही स्टीलची. काटा त्यांच्यात फरक करू शकत नाही. बोटाला कळत नाही. व्यासावर निवडणाऱ्या यंत्रालाही कळत नाही. फक्त डोळा ओळखतो: दोनवर आकडा आणि रुपयाचं चिन्ह आहे. एक रुपयाच्या पाकिटात असं दोनाचं नाणं गेलं, तर दुकानदाराचा रुपया जातो. दोनाच्या पाकिटात जुना रुपया गेला, तर कॅशियरला शॉर्टेज येतं आणि पुढच्या वेळी ती मॅडम त्याची पाकिटं घेताना हात आखडते.

म्हणून आम्ही ठरवलेला क्रम असा होता. आधी किंमत बघून निवडायचं. मग त्याच किमतीत आकार बघून पुन्हा निवडायचं, म्हणजे मोठे रुपये वेगळे, मधले वेगळे, छोटे वेगळे. प्रत्येक गटाचं एक पाकीट हाताने मोजून शंभर करायचं आणि त्याचं वजन लिहून ठेवायचं. मग उरलेली त्या वजनावर भरायची. एक पाकीट एकाच गटाचं. उरलेली, शंभराला न पुरणारी नाणी पुन्हा गल्ल्यात. प्रत्येक पाकिटावर चिठ्ठी: किंमत, गट, शंभर, दुकानाचा शिक्का, तारीख, सही.

रविवारी दुकान बंद असताना त्याची आई, भाचा आणि तो, असे तिघे चटईवर बसले. एक किलोपर्यंत ग्रॅममध्ये दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा होता. मी चहा प्यायला गेलो आणि निवडायलाही बसलो. चार आण्याची नाणी भाच्याने बाजूला काढली. ती ३० जून २०११ पासून चलनातून गेलेली आहेत, कुठलीच शाखा घेणार नाही. पन्नास पैशांचं नाणं मात्र आजही वैध आहे. कुणी घेत नाही, तो भाग वेगळा.

मधल्या रुपयांचं एक पाकीट काट्यावर ३९० ग्रॅम दाखवत होतं. शंभराचे ३७९ व्हायला हवेत. जास्त अकरा ग्रॅम कसले? तीन नाणी जास्त पडली असतील तर वजन ३९०.४ होतं. नाणी शंभरच असतील, पण त्यात दहा मोठे जुने रुपये मिसळले असतील, तर ३८९.६. ग्रॅमच्या काट्यावर दोन्हींचा आकडा ३९०. पहिल्या बाबतीत तीन रुपये फुकट जातात, दुसऱ्या बाबतीत रक्कम बरोबर आहे. काटा एवढंच सांगतो की पाकीट संशयास्पद आहे. पुढचं मोजूनच कळतं. भाच्याने पाकीट ओतलं आणि मोजलं: शंभरच होती, दहा मोठी. ती काढून त्यांच्या गटात टाकली. माझा नियम साधा आहे: दोन ग्रॅमहून जास्त फरक दिसला की पाकीट उघडायचं. घासलेल्या नाण्यांमुळे ग्रॅम-दोन ग्रॅम मागेपुढे होतातच.

सगळी नाणी बँकेतच का?

निवडून झाल्यावर दहाच्या नाण्यांचा ढीग बघून मी विचारलं की ही बँकेत कशाला नेतोस. तो म्हणाला, "भाजीवाला घेत नाही, म्हणतो दहाची बंद झाली." ही अफवा मुंबईत अजून पूर्ण मेलेली नाही. १७ जानेवारी २०१८ ला रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून सांगितलं होतं की दहाच्या नाण्याचे तोवरचे चौदाही नमुने वैध आहेत, रुपयाचं चिन्ह असलेले आणि नसलेलेही. लोक किरणं मोजत बसतात, दहा किरणांचं खरं आणि पंधराचं खोटं. दोन्ही खरी आहेत.

त्याने स्टेशनजवळच्या नारळवाल्याला आणि दोन भाजीवाल्यांना विचारलं. नारळवाल्याने आनंदाने घेतली, नोटा दिल्या. आठवड्याभरात सहा हजार दोनशे रुपयांची दहाची नाणी संपली. पाचच्या नाण्यांना रिक्षा स्टँडवर मागणी निघाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये झालं, आणि प्रवाशाला पैसे परत करायचे तर सुट्टे लागतातच. रिक्षावाल्यांनी पाचची ४८० नाणी उचलली. एक-दोनचीही थोडी मागितली, पण ती तोवर पाकीटबंद झाली होती, फोडायला कुणी तयार होईना.

त्यामुळे बँकेत न्यायचं ओझं कमी झालं. एक रुपयाची ४३ पाकिटं, दोनची ३६, पाचची १०. एकूण ८९ पाकिटं, १६,५०० रुपये. दोनची पन्नास नाणी सुटी उरली, ती गल्ल्यात. पन्नास पैशांची ३४ नाणी एका छोट्या पाकिटात.

अर्ज आणि मॅनेजरशी बोलणं

शाखेला दिलेला अर्ज एका पानाचा होता. मजकूर साधारण असा:

"माझ्या खात्यात नाणी भरायची आहेत. नाणी किमतीनुसार वेगळी करून शंभराच्या पारदर्शक पाकिटांत बांधली आहेत, प्रत्येकावर सही-शिक्का आहे. एकूण ८९ पाकिटं, १६,५०० रुपये, व पन्नास पैशांची ३४ नाणी. एका वेळी २२-२३ पाकिटं आणीन. शाखेला सोयीचा वार आणि वेळ कळवावी. काउंटरवर उघडलेल्या पाकिटात नाणी कमी निघाली, तर ती लगेच भरून देईन. स्वीकारणं शक्य नसल्यास कारण लेखी द्यावं."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. लेखी कारण द्यायचं म्हटलं की हजार रुपयांचा "नियम" कुणी कागदावर उतरवत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घेतली.

मॅनेजर या वेळी निवांत होते, महिन्याची पंधरा तारीख उलटून गेली होती. त्यांनी पाकीट हातात घेऊन बघितलं, हलवलं, आणि लगेच म्हणाले, "असं आणणार असाल तर अडचण काय आहे?" बुधवार, दुपारी अडीचनंतर असं ठरलं. चार्जचं विचारलं तेव्हा त्यांनी शुल्कपत्रक काढलं. त्याच्या खात्याच्या प्रकाराला नाण्यांसाठी काही लिहिलेलं नव्हतं, शेकडा पाच तर कुठेच नव्हतं. काही बँका चालू खात्यात ठरावीक रकमेपुढच्या रोख भरण्यावर शुल्क घेतात, ते पत्रकात छापलेलं असतं. छापलेलं नसेल ते द्यायचं नाही.

एका मुद्द्यावर मात्र मी अडून बसलो. मॅनेजर म्हणाले, पाकिटं ठेवून जा, आम्ही वेळ मिळेल तशी मोजून रक्कम जमा करू. ते चांगल्या मनाने म्हणत होते. पण न मोजलेली रोकड पावतीशिवाय काउंटरपलीकडे ठेवणं दोघांनाही घातक. चार दिवसांनी दोन पाकिटं कमी निघाली, तर ती आली होती की नव्हती हे कुणीच सिद्ध करू शकत नाही. ठेवायचीच असतील तर "अमुक किमतीची अमुक पाकिटं, मोजणीच्या अधीन" अशी सही-शिक्क्याची पोच हवी. त्यापेक्षा कमी पाकिटं आणून समोरच मोजून घेणं बरं, असं शेवटी ठरलं.

चार बुधवार

पहिल्या बुधवारी २३ पाकिटं, पुढचे तिन्ही बुधवार बावीस-बावीस. प्रत्येक खेप साधारण दहा किलोची, खांद्यावरच्या पिशवीत मावेल एवढी. मॅडमने दर खेपेला आपल्या मनाने दोन-तीन पाकिटं निवडून ओतली आणि मोजली. बाकीची काट्यावर त्या गटाच्या मोजलेल्या पाकिटाशी ताडून पाहिली. पंचवीस मिनिटांत काम उरकायचं. भरणा स्लिपवर नाण्यांच्या रकान्यात किंमत आणि संख्या दोन्ही लिहिलेली, त्यामुळे खोडाखोड नाही.

दुसऱ्या खेपेला एक दोनाचं पाकीट अडलं. वजन बरोबर ४८५, पण मॅडमने पाकीट उजेडाकडे धरून फिरवलं आणि कडेला एक जुना रुपया दिसला. ओतल्यावर तसे दोन निघाले. रक्कम दोनशेऐवजी १९८. त्याने खिशातून दोन रुपये दिले आणि काम पुढे गेलं. मॅडमने त्या दिवशी त्या गटाची आणखी पाच पाकिटं ओतली, ती सगळी बरोबर होती. मला तिचं वागणं योग्य वाटलं. एक पाकीट चुकलं की त्या गटातली जास्त पाकिटं तपासायची, पण म्हणून सगळी खेप परत करायची नाही.

पन्नास पैशांच्या नाण्यांवर चौथ्या बुधवारी थोडी कुरबुर झाली. "ही कुठे खपवू मी?" असं मॅडम म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. पण सर्व मूल्यांची म्हटल्यावर त्यात अर्धा रुपयाही येतो. सतरा रुपये जमा झाले. खात्यात एकूण १६,५१७.

शाखेने नाण्यांचं काय केलं हे मॅनेजरनी नंतर सांगितलं. एक-दोनची बरीच पाकिटं जशीच्या तशी जवळच्या दोन औषधांच्या दुकानांना आणि एका दूधकेंद्राला गेली. त्यांना सुट्टे हवेच असतात, आणि गट केलेली, बांधलेली पाकिटं घ्यायला कुणी नाही म्हणत नाही. सुटी पोत्यातली नाणी असती तर तिजोरीतच राहिली असती.

नकार कायम राहिला असता तर

मग रस्ता ठरलेला आहे. शिक्का मारलेल्या अर्जाची प्रत जोडून त्या बँकेच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करायची. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, cms.rbi.org.in वर. चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे. नोव्हेंबर २०२१ पासून आधीच्या तीन लोकपाल योजना एकत्र झाल्या आहेत आणि तक्रार "सेवेतील त्रुटी" म्हणून करायची असते. तक्रारीत "नाणी घेतली नाहीत" एवढंच लिहून भागत नाही. कोणत्या तारखेला, किती पाकिटं, कशा अवस्थेत नेली आणि काय कारण सांगितलं, हे हवं. पहिल्या सोमवारच्या गोण्यांवर त्याने तक्रार केली असती, तर बँकेने गर्दीचं कारण दिलं असतं आणि ते टिकलं असतं. नंतरच्या पाकिटांवर बँकेला सांगण्यासारखं काही नव्हतं.

माझ्या मते शाखेला सोपवण्याची सोयीची मर्यादा वीस-पंचवीस पाकिटं एका वेळी, म्हणजे दोन-अडीच हजार नाणी. हा नियम नाही, काउंटरवरच्या अर्ध्या तासाचा हिशेब आहे. मोठ्या शाखेत, नाणी मोजायचं मशीन असलेल्या ठिकाणी, यापेक्षा जास्त सहज घेतील. दोन माणसांच्या छोट्या शाखेत दहा पाकिटांवर थांबायला सांगितलं तरी मी रागावणार नाही. "दहाचं नाणं घेत नाही", "छोटा रुपया चालत नाही", "आधी खात्यात अमुक रक्कम ठेवा मग घेऊ" असं कुणी म्हटलं, तर मात्र त्याच ठिकाणी लेखी मागावं.

दुकानात आता गल्ल्याशेजारी चार बरण्या आहेत, मोठा रुपया, मधला, छोटा आणि दोन, आणि पाचसाठी एक डबा. रात्री दुकान बंद करताना निवड होऊन जाते. दर महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी तो पाच-सहा पाकिटं शाखेत नेतो. औषधवाल्याने तर परवा थेट दुकानात येऊन दोनाची पाकिटं मागितली. नोटा देऊन घेऊन गेला.